ट्रंपेटला पाडलेली भोकं

काही वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका चर्चमध्ये अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख याची एक वाद्यरचना, दुसरा ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टो, ऐकायला बसलो होतो. जागा मिळाली ती अगदी कडेची, त्यामुळे वादक समोरून दिसण्याऐवजी बाजूने दिसत होते. कार्यक्रमपत्रिकेत ठळक अक्षरांत छापलं होतं की सगळी वाद्यं बाखच्या काळातल्या धर्तीची आहेत. ट्रंपेट खरोखरच तसा दिसत होता. लांब पितळी नळी, दोन वळणं, आणि आजच्या बँडवाल्यांच्या ट्रंपेटला असतात ते बोटांनी दाबायचे तीन व्हॉल्व्ह गायब. पण कडेला बसल्यामुळे मला एक गोष्ट दिसली, जी समोरच्या रांगेला दिसली नसती. वादकाची बोटं हलत होती. व्हॉल्व्ह नसलेल्या नळीवर बोटांचं काम काय?

मध्यंतरात धीर करून विचारलं. त्या भल्या माणसाने वाद्य उलटं करून दाखवलं. नळीला चार बारीक भोकं होती, शिसपेन्सिलीचं टोक जाईल एवढी. "आणि हे बाखच्या काळी होतं?" तो हसला. म्हणाला, "नाही. माझ्या वडिलांच्या काळापासून."

जुनं संगीत जुन्या वाद्यांवर, जुन्या पद्धतीने वाजवण्याची जी चळवळ युरोपात दुसऱ्या महायुद्धानंतर जोमाने उभी राहिली, तिच्याबद्दलचा 'अस्सलपणा'चा वाद मला त्या चार भोकांतून जेवढा कळला तेवढा जाडजूड पुस्तकांतून कळला नव्हता. म्हणून इथे बाकी सगळं बाजूला ठेवून भोकांबद्दलच बोलतो.

आधी भोकांची गरज का पडली ते पाहू. मराठी वाचकाला हे समजवायला तंबोरा पुरेसा आहे. खर्जाची तार छेडली की जव्हारीतून गंधार ऐकू येतो, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तो कोणी छेडलेला नसतो, तारेच्या कंपनातच असतो. साध्या नळीत फुंकल्यावरही हेच होतं. नळीची लांबी ठरलेली असते आणि तिच्यात ठरावीक स्वरच दडलेले असतात. ओठ जितके घट्ट आणि फुंक जितकी जोरदार, तितका वरचा स्वर निघतो. आपली तुतारीही याच न्यायाने वाजते.

हे स्वर खाली विरळ असतात आणि वर जाताना दाट होत जातात. खालच्या भागात सा, प, सा, ग, प एवढंच मिळतं. त्यात लष्करी इशारे होतात, धून होत नाही. आठव्या स्वयंभू स्वरापासून वर मात्र जवळपास पूर्ण सप्तक हाताशी येतं. आठवा सा, नववा रे, दहावा ग, बारावा प, पंधरावा नी, सोळावा पुन्हा सा. बाखच्या काळचे ट्रंपेटवादक याच उंच भागात राहायला शिकत. दोन मीटरहून लांब नळी, म्हणजे आजच्या साध्या ट्रंपेटच्या जवळपास दीडपट, आणि ती वाजवायची टोकाच्या सप्तकात, जिथे ओठांची केसभर चूक झाली की शेजारचाच स्वर निघतो.

वर मोजताना मी अकरावा आणि तेरावा मुद्दाम वगळले. अकरावा स्वर शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम यांच्या अगदी मधोमध पडतो, म्हणजे दोन्हीच्या दृष्टीने कणसूर. तेरावा कोमल आणि शुद्ध धैवताच्या मध्ये लोंबकळतो, त्यातही कोमलाकडे थोडा झुकलेला. चौदावा कोमल निषादापेक्षा उतरलेला. निसर्गाने दिलेलं सप्तक असं तीन ठिकाणी फसलेलं आहे. शुद्ध मध्यम तर बाखच्या ट्रंपेटच्या ओळींत पावलोपावली लागतो, आणि कधी कधी त्याच ओळीत तीव्र मध्यमही लागतो. दोन्ही त्याच एका अकराव्या स्वरातून काढायचे. एकदा ओठ सैल करून खाली ओढायचा, एकदा आवळून वर ढकलायचा. सतारीवर मींड घेतात तसंच, फक्त तारेच्या जागी स्वतःचे ओठ.

हे त्या काळी कसं जमत असे, याची थोडी कल्पना वाद्यांवरून येते. न्यूर्नबर्गचे कारागीर पितळेचा पत्रा कापून, गुंडाळून, सांधून, ठोकून नळी बनवत. आतला पृष्ठभाग थोडा ओबडधोबड राही. माउथपीस मोठं, कडा सपाट आणि रुंद, आणि कपातून नळीत उतरताना धारदार काठ. या साऱ्यामुळे स्वर थोडे 'लवचीक' होतात, ओठांना ते वाकवता येतात. आजची यंत्राने ओढलेली गुळगुळीत नळी आणि आजच्या सवयीचं माउथपीस लावलं की स्वर आपापल्या जागी घट्ट बसतात, कणसूर अकराव्यासकट. मग तो हलता हलत नाही.

या कलेचा चेहरा म्हणून एका माणसाचं नाव घ्यावं लागतं. गॉटफ्रीड रायखे, लाइपझिग नगराच्या नोकरीतला वादक. बाखने लाइपझिगमधल्या पहिल्या अकरा वर्षांत ट्रंपेटसाठी जे अवघड लिहिलं ते बहुधा याच्याच जिवावर. पुढे ज्या चित्रकाराने बाखचं प्रसिद्ध चित्र काढलं, त्याच हाउसमानने रायखेचंही काढलं आहे. एका हातात वेटोळं घातलेला पितळी ट्रंपेट, दुसऱ्या हातात एका धुनेचा कागद. ५ ऑक्टोबर १७३४ च्या रात्री राजासमोर, उघड्यावर, मशालींच्या उजेडात बाखची रचना सादर झाली. दुसऱ्या दिवशी रायखे रस्त्यात कोसळला आणि गेला. आदल्या रात्रीची दमछाक आणि मशालींचा धूर बाधला असं तेव्हाच्या नोंदीत म्हटलं आहे. वय ६७.

पुढच्या पिढ्यांत ही उंच वादनाची रीत आटली. संगीताची चाल बदलली, ट्रंपेटला एवढं वर कोणी नेईना, आणि एकोणिसाव्या शतकात व्हॉल्व्ह आल्यावर गरजच संपली. विसाव्या शतकात बाखच्या ओळी वाजवायच्या तर छोटे, उंच आवाजाचे व्हॉल्व्हचे ट्रंपेट वापरावे लागत.

मग १९६० च्या सुमाराला जर्मनीत ऑटो श्टाइनकोप्फ आणि हेल्मुट फिंके या वाद्यकारांनी पुन्हा बिनव्हॉल्व्हचा ट्रंपेट बनवला. आकार घेतला थेट रायखेच्या चित्रातला, तेच वेटोळं. आणि नळीला भोकं पाडली, जी चित्रात कुठेही नाहीत. या वाद्यावर ट्रंपेटवादक वॉल्टर होलीने बाख वाजवला आणि लोक थक्क झाले. कोलोन रेडिओचा जुन्या संगीताचा वाद्यवृंद, नंतर हार्नोनकुर्टचा व्हिएन्नातला कोन्त्सेंतुस मुसिकुस, अशी ध्वनिमुद्रणं होत गेली. इंग्लंडमध्ये मायकल लेअर्डने चार भोकांची पद्धत रूढ केली. आज 'बरोक ट्रंपेट' म्हणून जगभर जे विकलं आणि वाजवलं जातं ते बहुतेक हेच, आणि मी चर्चमध्ये पाहिलं तेही हेच.

भोक करतं काय? अंगठ्याखालचं भोक उघडलं की नळी जणू आखूड होते आणि सगळी स्वरमालिका मध्यमावर उचलली जाते. म्हणजे जो मध्यम आधी कणसूर अकरावा होता तो आता नव्या मालिकेचा आठवा, म्हणजे चोख सा बनतो. आणि तो डळमळता धैवत तिचा दहावा, म्हणजे चोख ग. दोन्ही आजार एका भोकात बरे. बाकीची भोकं मालिकेतला एकाआड एक स्वर दाबून टाकतात. दोन शेजाऱ्यांमधलं अंतर वाढतं आणि वादक चुकून पलीकडच्या स्वरावर घसरत नाही. युक्ती हुशारीची आहे, यात शंका नाही.

आता वाद. साधारण ऐंशीच्या दशकापर्यंत रेकॉर्डांच्या वेष्टनावर 'अस्सल वाद्यांवर' असं सर्रास छापलं जाई. त्यावर सगळ्यात जोरकस हल्ला चढवला रिचर्ड टारुस्किन या अमेरिकी संगीत-इतिहासकाराने. तो स्वतः जुनं संगीत वाजवणारा, त्यामुळे त्याचा वार बाहेरून आलेला नव्हता. १९८८ मध्ये निकोलस केन्यनने संपादित केलेल्या एका लेखसंग्रहात आणि पुढे १९९५ च्या स्वतःच्या पुस्तकात त्याने जे मांडलं त्याचा मथितार्थ असा: हे जे हलकं, चपळ, कोरडं, काटेकोर वादन आहे ते अठराव्या शतकाचं नाही, विसाव्या शतकाचंच आहे. आजची आवड आधी ठरते आणि मग तिला शोभेल तेवढाच पुरावा इतिहासातून उचलला जातो. आणि यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. आजची कला म्हणून ते उत्तम आहे, फक्त इतिहासाचा शिक्का मारू नका, एवढंच त्याचं म्हणणं.

भोकं ही टारुस्किनच्या बाजूची पहिल्या नंबरची साक्ष आहे, असं मला वाटतं. आतड्याच्या तारा स्वीकारल्या, लाकडी बासऱ्या स्वीकारल्या, कारण त्यांचा नाद आजच्या कानाला गोड लागला. कणसूर मध्यम गोड लागला नाही, तर भोक पाडलं. पट्टीचंही तेच. आज जुन्या संगीताचे बहुतेक वाद्यवृंद ४१५ हर्ट्झला मिळवतात, म्हणजे आजच्या ४४० पेक्षा अर्धा सूर खाली. लाइपझिगला ते बरंचसं जुळतं. पण तेव्हा फ्रान्समध्ये त्याहून खाली आणि व्हेनिसमध्ये त्याहून वर मिळवत असत. तरी सगळ्यांना ४१५ च, कारण हार्प्सिकॉर्ड या पियानोआधीच्या वाद्याची पट्ट्यांची रांग एका घराने सरकवली की ४१५ आणि ४४० दोन्हीकडे काम भागतं. सोयीला माझी हरकत नाही. सोयीला इतिहास म्हणण्याला आहे.

भोकांच्या बाजूने जे बोललं जातं त्यात दम नाही असं मात्र नाही. सगळ्यात सबळ मुद्दा हा, की तेव्हाच्या श्रोत्यांनाही कणसूर मध्यम खुपत होताच. १७८४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत संगीतकार हँडेलच्या स्मरणार्थ प्रचंड समारोह झाला. त्याचा वृत्तान्त संगीत-इतिहासकार चार्ल्स बर्नीने लिहून ठेवला आहे. ट्रंपेटचा तो सप्तकातला चौथा स्वर, म्हणजे मध्यम, लांबवला जातो तेव्हा संगीताचा चेहरा विद्रूप होतोच, शिवाय ऐकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या चेहऱ्यावर वेदना उमटते, अशी त्याची तक्रार आहे. तीनच वर्षांनी, १७८७ मध्ये, लंडनच्याच विल्यम शॉने बनवलेल्या एका ट्रंपेटला खरोखर भोकं आहेत. म्हणजे कल्पना सर्वस्वी विसाव्या शतकाची नाही. मग भोकांचे समर्थक विचारतात: जे तेव्हाच्या कानांनाही नको होतं ते आम्ही कशासाठी जपायचं? बाखला चोख मध्यमच हवा असणार ना?

असेलही. पण 'बाखला काय हवं असणार' या वाटेने निघालं की थांबायला जागा उरत नाही. बाखला व्हॉल्व्ह आवडले असते, पियानो आवडला असता, हे सगळं त्याच तर्काने सिद्ध होतं, आणि ज्यांच्याविरुद्ध ही चळवळ उभी राहिली ते याहून वेगळं काही बोलत नव्हते. शिवाय बर्नीची तक्रार बाखच्या मृत्यूनंतर चौतीस वर्षांनी केलेली आहे, दुसऱ्या देशातली, उंच वादनाची रीत उतरणीला लागलेल्या काळातली. रायखेचा मध्यम तसाच होता असं त्यातून निघत नाही. त्यातून निघतं ते एवढंच, की मध्यम कठीण होता, आणि सगळ्यांना जमत नसे.

आणि हा कठीणपणा संगीतात लिहिलेला आहे. बाखच्या ट्रंपेटच्या ओळी जरा नीट पाहिल्या की दिसतं, तो मध्यमावर बहुतेक वेळा थांबत नाही, त्यावरून जातो. ठेहराव सा, ग, प वर. धैवत आला तरी धावत्या सुरावटीत. वाद्याची खोड ठाऊक असलेल्या माणसाचं हे लिखाण आहे. भोकं असली की सगळे स्वर एकाच वजनाचे होतात, आणि ही उंचसखल जमीन सपाट होते. स्वर तेच राहतात, पण कुठे पाय घट्ट रोवायचा आणि कुठे हलका टाकायचा, हे वाद्य वादकाला सांगेनासं होतं.

एक उदाहरण याच्या टोकाला जातं. २२ ऑगस्ट १७२३ ला लाइपझिगमध्ये बाखची ७७ क्रमांकाची कँटाटा, म्हणजे चर्चमध्ये गायची रचना, पहिल्यांदा झाली. तिच्यात एक एकल गीत आहे, त्याचा आशय असा की माझ्या प्रेमात निव्वळ अपूर्णताच उरते. या गीताला साथ आहे फक्त ट्रंपेटची आणि खालच्या खर्जाची. ट्रंपेटला जे स्वर दिलेत त्यातले बरेच नळीत नीट सापडणारच नाहीत असे. अनेकांचं म्हणणं असं की हे मुद्दाम आहे. देवावर नीट प्रेम करू पाहणारं आणि न जमणारं माणूस बाखने वादकाच्या ओठांतून उभं केलं. भोकांनी तो स्वर चोख केला की गीताचा अर्थच पुसला जातो. हे ऐकायला फार सुंदर वाटतं, आणि म्हणूनच मी त्यावर सगळी मदार ठेवत नाही. काही अभ्यासकांच्या मते इथे सरकत्या नळीचा ट्रंपेट अभिप्रेत असावा, ज्यात नळी पुढेमागे करून स्वर चोख करता येतो. तसं असेल तर अपूर्णतेची ही कथा कोसळते. मला यातून वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. हा प्रश्न पडण्यासाठीसुद्धा कोणीतरी तो बिनभोकांच्या नळीवर वाजवून पाहायला हवा. चार भोकांच्या ट्रंपेटवर हा प्रश्न कधी उगवणारच नाही.

इथे माझी टारुस्किनशी फारकत होते. पुरावा आवडीच्या मागून फरफटत येतो, हे त्याने चळवळीच्या एका काळाबद्दल अगदी बरोबर ओळखलं. पण पुरावा आवडीला अडवूही शकतो. फ्रान्सचा जाँ-फ्रांस्वा मादफ गेली कित्येक वर्षं एकही भोक नसलेला ट्रंपेट वाजवतो आणि बासेलच्या स्कोला कांतोरुममध्ये तेच शिकवतो. सिगिसवाल्ट क्यूइकनच्या ला पेतीत बांद या वाद्यवृंदाने ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टोचं जे नवं ध्वनिमुद्रण केलं, त्यात दुसऱ्या कॉन्चेर्टोचा ट्रंपेट मादफचा आहे. ते मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दोन-तीन ठिकाणी दचकलो. मध्यम जरा चढा लागला, एखादा स्वर फुटता फुटता सावरला. आणखी दोनदा ऐकल्यावर दुसरंच काही कानात भरलं. ट्रंपेट इतरांवर चढत नव्हता. या रचनेत त्याच्यासोबत बासरी, ओबो आणि व्हायोलिन बरोबरीचे आहेत, आणि त्यातली लाकडी रेकॉर्डर बासरी बिचारी आवाजाने अगदी हळू. नेहमीच्या मुद्रणात ती तंत्रज्ञाच्या कृपेनेच ऐकू येते. स्वर सतत ओठांनी सांभाळायचा म्हटल्यावर माणूस दांडगाईने फुंकू शकत नाही. तो जपून वाजवतो, आणि बासरीला वाट मिळते. बाखने ही चौकडी का जमवली हे कोडं मला तोवर सुटलं नव्हतं.

रॉबर्ट बार्कले हा कॅनडातला वाद्यकार आणि संग्रहालयातल्या वाद्यांच्या जतनाचा जाणकार. त्याचं म्हणणं मला पटतं. भोकांचा ट्रंपेट वाईट वाद्य आहे असं तो म्हणत नाही, ते एक नवं वाद्य आहे असं म्हणतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेलं, स्वतःचं तंत्र आणि स्वतःचे वस्ताद असलेलं. मग त्याला त्याच्या नावाने हाक मारा. कार्यक्रमपत्रिकेत व्हायोलिन कोणी, कोणत्या साली बनवलं ते आवर्जून छापतात. तिथेच 'चार भोकांचा ट्रंपेट' हे तीन शब्द छापायला कितीशी शाई लागते? आणि शिकवणाऱ्या संस्थांनी पहिली दोन वर्षं तरी भोकांशिवाय शिकवावं. नंतर पोटापाण्यासाठी भोकं लागतील ती लागोत. पण ज्याने अकरावा स्वर कधी ओठांनी वाकवलाच नाही, त्याला ती ओळ कोणासाठी लिहिली होती हे कळायचं कसं?

'अस्सल' हा शब्द मात्र सोडून द्यावा. त्या शब्दापायी सगळी चर्चा बाखच्या मनात शिरण्याची झाली, जिथे कोणालाच शिरता येत नाही. नळीत काय आहे आणि काय नाही, हे तरी उजेडात धरून पाहता येतं.

चर्चमधल्या त्या वादकाला मी निघताना विचारलं होतं, बिनभोकांचा कधी वाजवता का? म्हणाला, रोज सकाळी, घरी, भोकांवर चिकटपट्टी लावून. मग कार्यक्रमात का नाही? त्याने वाद्य पेटीत ठेवलं, झाकण लावलं आणि म्हणाला, "माझा एक मध्यम निसटला की पुढच्या वर्षी मला फोन येत नाही."